बोधिसत्त्व रानात का बसत होते? एका विद्यार्थिनीला पत्र

जय भीम.

विहारातल्या बैठकीत तुला सगळ्यांसमोर जे ऐकवलं गेलं ते तुझ्या पत्रात वाचलं आणि माझंच डोकं तापलं. दहा दिवस विपश्यनेला बसलीस, तेवढ्यात तू ‘स्वतःपुरती’ झालीस. वस्तीतली अभ्यासिका वाऱ्यावर सोडलीस. हे म्हणे स्वतः मुक्त होऊन थांबणाऱ्या हीनयानी अरहंतांचं वळण, खरा बौद्ध म्हणजे लोकांत राबणारा बोधिसत्त्व. वर बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना उघडून तुझ्यापुढे धरली. आणि आता तू मला विचारतेस, ‘सर, इतिहासात खरंच असं झालं होतं का?’

नाही झालं. जे झालं ते याहून अवघड आहे. वर्गात तुम्हा सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत सांगितलेलं तेच पुन्हा सांगतो: माणूस स्वतःला काय म्हणवत होता ते नंतर बघ, सकाळी उठून तो काय करत होता ते आधी बघ.

अरहंतांपासून सुरुवात कर. विनयपिटकाच्या महावग्गात बुद्ध आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना गावोगाव पाठवतात: ‘चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय.’ दोघांनी एका वाटेनं जाऊ नका, असंही बजावतात. ते साठच्या साठ अरहंत होते. तुझ्या कार्यकर्त्यांनी फलकावर रंगवलेलं ‘बहुजनहिताय’ हे त्याच स्वार्थी म्हणवल्या गेलेल्या मंडळींना सांगितलेलं काम आहे. अरहंत स्वार्थी, हे चित्र पुढच्या काळातल्या महायान, म्हणजे बोधिसत्त्वमार्गाच्या, सूत्रांनी वादाच्या भरात रंगवलं. वादात प्रतिपक्षाचं केलेलं वर्णन इतिहास म्हणून उचलायचं नसतं.

मग बोधिसत्त्वाचं वेगळेपण कशात? सुरुवातीला बोधिसत्त्व एकच होता, बुद्ध होण्याआधीचा गौतम, त्याच्या जातककथांतल्या जन्मांसकट. पालीतली सुमेधाची कथा तुला ठाऊक आहे. दीपंकर बुद्धाच्या वाटेवरच्या चिखलात तो केस पसरून आडवा पडतो. त्याच दिवशी अरहंत होणं त्याच्या हातात होतं. तो ते नाकारतो आणि बुद्ध होण्याचा संकल्प करतो. इसवी सनाच्या आगेमागे काही भिक्खूंनी ठरवलं, ही कथा नुसती ऐकायची नाही, आपणही हाच रस्ता धरायचा. अरहंतपद याच जन्मी मिळू शकतं. बुद्ध व्हायला मात्र तीन असंख्येय कल्प लागतात, असा हिशोब पुढे रूढ झाला. ज्या काळी धम्म कुणालाही आठवत नसेल त्या काळी तो पुन्हा शोधून सगळ्यांसाठी खुला करायचा, हे त्यांनी पत्करलेलं काम होतं. यात बंड नव्हतं. एका फार लांबच्या मुक्कामासाठी थोड्या लोकांनी स्वतःहून नाव नोंदवलं होतं.

ते थोडे लोक कसे जगत, हे एका जुन्या सूत्रात दिसतं. ‘उग्रपरिपृच्छा’ असं त्याचं नाव. उग्र नावाचा गृहस्थ श्रावस्तीला बुद्धांना विचारतो, बोधिसत्त्वानं घरात कसं राहावं आणि घर सोडल्यावर कसं राहावं. आन श्युआन हा पार्थियातून आलेला व्यापारी आणि यान फोत्याव हा चिनी सहकारी यांनी इ.स. १८१ च्या सुमारास लोयांगमध्ये त्याचं चिनी भाषांतर केलं. मूळ संस्कृत ग्रंथ आज नाही. दुसऱ्या ग्रंथांतल्या अवतरणांतून त्याचे तुकडे मिळतात, बाकी सगळं चिनी आणि तिबेटी भाषांतरांवर. मी चिनी शिकलो नाही, ही खंत आता माझ्याबरोबरच जाईल. तू अजून शिकू शकतेस. ‘वेळ नाही’ हे मला ऐकवू नकोस.

या सूत्रात दारात याचक आला तर काय करायचं ते सांगितलंय. त्याला उपकारकर्ता समजायचं, कारण त्याच्यामुळेच दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, पुरी व्हायची असते. तरीही एखादी वस्तू हातातून सुटेना, तर ती लपवायची नाही आणि त्याच्यावर खेकसायचंही नाही. माझं बळ थोडं आहे, मी या मार्गावर नवखा आहे, माझी आसक्ती अजून सुटलेली नाही, मला क्षमा कर, असं तोंडावर सांगायचं. बघ, करुणा इथे भावना म्हणून येतच नाही. ती रोजच्या सरावाचा विषय आहे, आणि सरावात कमी पडलो तर काय बोलायचं तेही ठरलेलं आहे. मुलाबद्दलही असंच आहे. आपल्या मुलावर जितकं प्रेम तितकंच सगळ्या जीवांवर हवं, आणि त्याच्यापायी ही समबुद्धी ढळत असेल तर तो आपला मित्र नव्हे, शत्रू, असा विचार करायला सांगितलंय. बायकोबद्दल जे लिहिलंय ते वाचून तू चिडशील. चिडलंच पाहिजे. पण म्हणून ते वगळून सूत्राचा उरलेला गोड भाग तेवढा घरी नेऊ नकोस.

घर सोडलेल्या बोधिसत्त्वाला हे सूत्र कुठे पाठवतं? वस्तीत नाही, अरण्यात. एकट्यानं राहायला, भीती आणि अहंकार यांच्याशी झगडायला. जे बोधिसत्त्व नाहीत तेही रानात राहत, पण सगळ्यांना तारायचं म्हणणाऱ्यालाही तिथूनच सुरुवात करावी लागे. गृहस्थ बोधिसत्त्व विहारात जातो तेव्हा तिथे कोण कोण आहे ते त्यानं बघायचं: कुणी बहुश्रुत, कुणी विनयधर, कुणी अरण्यवासी, कुणी बोधिसत्त्वमार्गी. सगळे एकाच विहारात. दुसऱ्या मार्गाच्या भिक्खूला नावं ठेवायची नाहीत, अशीही ताकीद आहे. सातव्या शतकात नालंदेला राहून गेलेला चिनी भिक्खू ईत्सिंग हेच सांगतो. दोन्हीकडचे लोक एकच विनय पाळतात, त्यांतले जे बोधिसत्त्वांची पूजा करतात आणि महायान सूत्रं वाचतात ते महायानी, जे तसं करत नाहीत ते हीनयानी. म्हणजे इतक्या शतकांनंतरही छप्पर एक, नियम एक. तुझ्या बैठकीत मात्र एका दुपारीत दोन पक्ष पाडले गेले.

पुढे या आदर्शाला दुसरी वाटही फुटली. होण्याचा बोधिसत्त्व हाक मारण्याचा बोधिसत्त्व झाला. आमच्या सहलीबरोबर तू औरंगाबादच्या लेण्यांत आली होतीस. सहाव्या शतकातल्या सातव्या लेण्याच्या व्हरांड्यात, दाराशेजारी, पुरुषभर उंचीहून मोठा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, उभा आहे, आठवतो? त्याच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक आठ प्रसंग कोरलेत: आग, दरोडेखोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक प्रसंगात घाबरलेली माणसं हात जोडतायत आणि छोटासा अवलोकितेश्वर हवेतून त्यांच्याकडे झेपावतोय. तुम्ही सगळे पद्मपाणीच्या गोष्टी करत फोटो काढत होतात. मी जहाजाच्या चौकटीपाशी थांबा म्हणत होतो, कारण त्या चौकटीत व्यापारी वाटांवरची माणसं दिसतात. श्रीलंकेहून समुद्रमार्गे परतताना वादळात सापडलेल्या फाहियान या चिनी भिक्खूनं याच अवलोकितेश्वराची करुणा भाकल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. पाचव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट.

या वाटेमुळे काय बदललं? करुणा अरण्यातल्या मोजक्या साधकांची राहिली नाही. खलाशाला, कैद्याला, बाळंतिणीला तिला हाक मारता येऊ लागली. याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, मीही कधीकाळी त्यांच्यातलाच. आज तसं म्हणत नाही. पण बैठकीतल्या मंडळींना हे विचार: तुमचा लोकांत राबणारा बोधिसत्त्व या दोघांपैकी कुठला? हाक मारण्याचा असेल, तर तो तुमच्या वतीनं राबणारा आहे, तुम्ही राबायचं असं त्यात कुठेच नाही. होण्याचा असेल, तर त्याला अरण्य चुकलेलं नाही.

आठव्या शतकात नालंदेला शांतिदेव झाला. त्याच्या ‘बोधिचर्यावतारा’चा आठवा परिच्छेद तू वाच. परदुःखावर बौद्ध वाङ्मयातलं सर्वांत धारदार लिखाण तिथे आहे. प्रतिपक्षी म्हणतो, दुसऱ्याचं दुःख मला बोचत नाही, मग मी ते का दूर करू? शांतिदेव विचारतो, ‘पाददुःखं न हस्तस्य कस्मात् तत् तेन रक्ष्यते?’ पायाचं दुखणं हाताला होत नाही, तरी हात पायाला जपतो, तो का? शिवाय पुढे येणारं स्वतःचं दुःखही आज बोचत नाही, तरी आज आपण त्याची तजवीज करतोच की. म्हणजे ‘माझं’ आणि ‘दुसऱ्याचं’ ही रेघ आपण सवयीनं ओढलेली आहे आणि सवयीनंच पुसता येते. आपल्या जागी दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या जागी आपल्याला ठेवायचं. हेवा वाटतो त्या माणसाच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघायचं. हा त्याचा सराव.

आता हे सगळं कुठे लिहिलंय ते बघ. आठव्या परिच्छेदाचं नाव ध्यानपारमिता. परात्मसमतेचा, म्हणजे आपण आणि दुसरा सारखेच हा, विषय नव्वदाव्या श्लोकाला सुरू होतो. त्याआधीचे एकोणनव्वद श्लोक एकांताचे आहेत: गर्दी सोड, अरण्यात जा, मन शांत कर. (स्त्रीदेहाची किळस आणणारे श्लोकही त्यांतच आहेत, उग्राच्या सूत्रासारखेच.) स्वतःचं मन की दुसऱ्याचं दुःख, असा तुझ्यापुढे टाकलेला पर्याय शांतिदेवानं दिलेलाच नाही. त्याच्याकडे ही एकामागून एक येणारी कामं आहेत आणि त्यांचा क्रम बदलत नाही. म्हणून पुन्हा म्हणतो, आदर्शाचं नाव ऐकून भारावू नकोस, दिनक्रम विचार.

राहिली प्रस्तावना. बाबासाहेबांनी तिथे प्रश्न टाकलाय की भिक्खू आदर्श पुरुष व्हावा म्हणून होता की समाजसेवक व्हावा म्हणून, आणि नुसता आदर्श पुरुष स्वार्थीच ठरेल असंही म्हटलंय. ते शब्द मी मवाळ करणार नाही. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात बोधिसत्त्वाचे दहा जन्म दिलेत: मुदिता, विमला, प्रभाकरी, थेट धर्ममेघेपर्यंत. त्या महायानातल्या दशभूमी, म्हणजे बोधिसत्त्वाच्या वाटेवरच्या दहा पायऱ्या, आहेत. आणि पहिल्याच जन्मात बोधिसत्त्व काय करतो? सोनार चांदीतला मळ काढतो तसा स्वतःतला मळ काढतो. बावीस प्रतिज्ञांमध्ये दहा पारमिता आहेत, त्यांत दान आहे तशी क्षांती, म्हणजे सहनशीलताही आहे. बैठकीत क्षांतीचं नाव कुणी काढलं का?

मलाही हे ऐकवून झालंय. चळवळ पेटलेली असताना हा लेण्यांत शिलालेख वाचत बसतो, असं माझ्याच मित्रांनी म्हटलं. त्यांच्या सभांना मी कमी गेलो, हे खरं. पण तू आज ज्या प्रश्नानं झोप घालवून बसली आहेस, त्याचं उत्तर त्या बसण्यातून हाताशी आलंय, भाषणातून नाही. असो, माझं राहू दे.

अभ्यासिकेच्या किल्ल्या परत घे, मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्यात. सकाळचं बसणंही सोडू नकोस. त्या बैठकीला पुन्हा गेलीस तर भांडू नकोस, सातव्या लेण्यातल्या जहाजाचा फोटो तेवढा दाखव. आणि आठवा परिच्छेद पहिल्या श्लोकापासून वाच, नव्वदीपासून नको. एकोणनव्वद झाले की फोन कर, पुढचे आपण मिळून वाचू.