खाडीतल्या झाडांचे पट्टे आणि माशांची पिल्लं: मीठ नेमकं काय करतं?

प्रश्न: खाडीच्या मुखापासून आत जाताना दलदलीतल्या वनस्पती पट्ट्यापट्ट्याने बदलत जातात. समुद्राजवळच्या झाडांना खारट पाणी आवडतं म्हणून ती तिथे वाढतात का? आणि माशांची पिल्लं याच भागात वाढतात, त्याचाही या खारटपणाशी संबंध आहे का?

उत्तर:

आवडतं म्हणून नाही. त्यांना तिथून वर सरकता येत नाही म्हणून. खाड्यांच्या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर नदीच्या गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. खाडीत हे दोन्ही मिसळतात, त्यामुळे मुखापासून आत जाताना क्षारता हळूहळू उतरत जाते. समुद्राकडच्या दलदलीत ठेंगणी, चिवट, मोजक्या जातींची गवतं दिसतात. आत गेलं की पाणकणसासारख्या उंच, दाट वाढणाऱ्या वनस्पती लागतात आणि जातींची संख्याही वाढते. हे पाहून कुणालाही वाटेल की प्रत्येकाने आपापल्या आवडीचं पाणी निवडलंय.

हे तपासायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: झाड उचलून दुसरीकडे लावून बघायचं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात नॅरागॅन्सेट उपसागराच्या खाड्यांमध्ये संशोधकांनी हेच केलं आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाऱ्या, मचूळ आणि गोड्या अशा तिन्ही दलदलींतल्या वनस्पती त्यांनी एकमेकींच्या जागी लावल्या. काही ठिकाणी शेजारची झाडं तशीच ठेवली, काही ठिकाणी काढून टाकली. गोड्या पाण्यातल्या वनस्पती खाऱ्या दलदलीत टिकल्या नाहीत. शेजारी असोत वा नसोत, मीठच त्यांना पुरून उरलं. खाऱ्या दलदलीतल्या वनस्पतींचं मात्र वेगळंच झालं. गोड्या पाण्यात शेजारी काढून टाकले, तेव्हा त्या स्वतःच्या मूळ जागेपेक्षाही जोमाने वाढल्या. शेजारी तसेच ठेवले, तेव्हा त्या उंच झाडांच्या सावलीत आणि मुळांच्या गर्दीत दबून गेल्या.

म्हणजे प्रत्येक पट्ट्याच्या दोन कडा दोन वेगळ्या कारणांनी ठरतात. समुद्राकडची कड मीठ आणि पाण्याखाली बुडून राहणं यांनी ठरते, तर नदीकडची कड शेजाऱ्यांशी होणाऱ्या स्पर्धेने. मीठ सोसण्याची किंमत वाढीतून मोजावी लागते, त्यामुळे जी वनस्पती मीठ सोसते ती स्पर्धेत सहसा मागे पडते.

स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे अटलांटिक किनाऱ्यावरचं, रोज भरतीखाली जाणारं गवत घ्या. कोरड्या दिवशी त्याचं पान उन्हात तिरपं धरून पाहिलं तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, बोट फिरवलं तर खरखरतात. मुळांशी मीठ बऱ्याच अंशी अडवलं जातं आणि जे आत शिरतं ते पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. हेच झाड मुळासकट उपटलं तर काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल हाती लागतो, पण मुळांभोवती मात्र तांबूस, गंजासारखा थर असतो. तो खरोखरच गंज असतो. गवताच्या पोकळ ऊतींमधून हवा मुळांपर्यंत जाते, तिथून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो आणि चिखलातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं. या दोन्ही व्यवस्था चालवायला ऊर्जा लागते. वरच्या पट्ट्यातल्या गवतांकडे हवा पोचवण्याची ही सोय तोकडी असते. त्यामुळे ती खाली लावली की मिठाइतकीच ऑक्सिजनच्या अभावानेही मरतात.

इथे बरेचजण एक गोष्ट गृहीत धरतात: पाण्यापासून जितकं वर जावं तितकं मीठ कमी. खाडीच्या लांबीत हे खरं आहे, पण एकाच ठिकाणच्या दलदलीच्या उतारावर नाही. खालचा भाग रोज दोनदा भरतीने धुतला जातो, म्हणून तिथल्या चिखलाची क्षारता खाडीच्या पाण्याच्या आसपासच राहते. अगदी वरच्या कडेला पाऊस आणि जमिनीतून झिरपणारं गोडं पाणी मीठ धुऊन नेतं. मधला जो भाग फक्त उधाणाच्या भरतीला भिजतो, तिथे पाणी येतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे राहतं. उष्ण हवेच्या प्रदेशांत या पट्ट्यातल्या मातीची क्षारता समुद्राच्या दुप्पट-तिपटीवर जाते आणि उघडे, पांढुरके खारवट तुकडे तयार होतात. असा तुकडा एकदा उघडा पडला की सावली नसल्यामुळे बाष्पीभवन आणखी वाढतं आणि तो उघडाच राहतो. कडेने पसरणाऱ्या डिस्टिक्लिससारख्या गवताने सावली धरली की मीठ उतरतं आणि मग इतर जाती तिथे येऊ शकतात. म्हणजे इतरत्र एकमेकांना हुसकावणारे शेजारी इथे एकमेकांना जगवतात. म्हणून कुणी दलदलीची क्षारता मोजायला निघालं की माझा आग्रह असतो: खाडीचं पाणी मोजून थांबू नका, मुळांच्या खोलीवरचं मातीतलं पाणी काढून मोजा. दोन्ही आकड्यांत खूप अंतर असू शकतं.

आता माशांकडे वळू.

बहुतेक हाडाळ माशांच्या रक्तातली क्षारता समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असते. समुद्रात त्यांच्या अंगातून पाणी बाहेर जात राहतं, म्हणून ते सतत पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर काढतात. गोड्या पाण्यात नेमकं उलटं करावं लागतं. दर किलोत १० ते १२ ग्रॅम क्षार असलेल्या मचूळ पाण्यात आत-बाहेरचा फरक जवळजवळ मिटतो. पिल्लाचं शरीर लहान, त्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणून हा भार त्याला जास्त जाणवायला हवा. कित्येक जातींची पिल्लं मध्यम क्षारतेत चांगली वाढतात, हे टाक्यांमधल्या प्रयोगांत दिसलंही आहे. पण यातून ऊर्जा किती वाचते, याचे अंदाज अभ्यासागणिक फार वेगळे येतात. माझं मत असं की खाडी पिल्लांना मानवते याचं मुख्य श्रेय या बचतीला देऊ नये. उथळ, गढूळ पाणी, दलदलीतलं भरपूर खाद्य आणि ज्यांना क्षारतेचे चढउतार सोसत नाहीत अशा मोठ्या सागरी शिकाऱ्यांची कमी ये-जा, या गोष्टी जास्त वजनदार आहेत.

दलदल माशांचं पाळणाघर आहे असं आपण सहज म्हणतो, पण नुसती पिल्लं मोजून ते सिद्ध होत नाही. हजार पिल्लं सापडली आणि त्यांतलं एकही मोठं होऊन समुद्रातल्या कळपात पोचलं नाही, तर ते कसलं पाळणाघर? २००१ साली काही शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन कसोटी मांडली: त्या अधिवासातून दर क्षेत्रफळामागे प्रौढ कळपात जाणारे मासे इतर अधिवासांच्या सरासरीपेक्षा जास्त असले पाहिजेत.

हे ठरवायला माशाच्या कानातला खडा, म्हणजे ऑटोलिथ, कामी येतो. त्यावर थर चढत जातात आणि पिल्लाच्या वयात हे थर बहुधा रोजचे असतात. थर चढताना पाण्यातलं थोडं स्ट्राँशियम आणि बेरियम त्यात अडकतं. साधारणपणे समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या तुलनेत स्ट्राँशियम जास्त, नदीच्या पाण्यात बेरियम जास्त. बाजारात आलेल्या मोठ्या माशाचा खडा कापून लेझरने मध्यापासून कडेपर्यंत तपासला, की त्याने बालपण कुठल्या पाण्यात काढलं ते वाचता येतं. यात एक अडचण आहे. क्षारता थोडी वाढली की स्ट्राँशियमचं प्रमाण झपाट्याने चढतं आणि मग जवळजवळ सपाट होतं. त्यामुळे गोडं आणि मचूळ यांतला फरक छान कळतो, पण मचूळ आणि पूर्ण खारं यांतला कळत नाही. शिवाय काही नद्यांच्या पाण्यात खडकांमुळे मुळातच स्ट्राँशियम जास्त असतं. त्या त्या खाडीच्या पाण्याचे नमुने हाताशी नसतील तर असा निष्कर्ष मी तरी मानणार नाही.

तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकत्र येतात ते फ्रॅग्मायटीस या नळाच्या जातीच्या उंच वनस्पतीच्या बाबतीत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर रस्ते आणि रेल्वेमार्गांच्या भरावांमुळे कित्येक दलदलींत भरतीचं पाणी अरुंद मोरीतूनच आत येऊ लागलं. मातीतली क्षारता उतरली, मिठाचा अडसर गेला आणि स्पर्धेत वरचढ असलेला हा नळ स्पार्टिनाच्या जागेवर पसरला. त्याच्या दाट खोडांमध्ये गाळ आणि पाचोळा साठतो, जमीन सपाट होत जाते, ओहोटीनंतर पाणी धरून ठेवणारे छोटे खळगे बुजतात.

फुंड्युलस हेटेरोक्लिटस हा बोटभर मासा नेमका याच खळग्यांवर अवलंबून असतो. उधाणाच्या भरतीला तो दलदलीत वर जाऊन अंडी घालतो, आणि बाहेर पडलेली पिल्लं ओहोटीत खाडीत न उतरता त्या इंच-दोन इंच पाण्यात राहतात. न्यू जर्सीच्या भागातल्या अभ्यासांत नळाच्या दलदलीत मोठे फुंड्युलस पुष्कळ सापडले, पण अगदी लहान पिल्लं स्पार्टिनाच्या दलदलीपेक्षा खूपच कमी. फक्त मोठे मासे मोजले असते तर सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं.

मोरी रुंद करून भरती परत आत घेतली की मीठ वाढतं आणि नळ खुजा होत जातो. मातीतलं पाणी दर किलोला १८-२० ग्रॅमच्या वर टिकून राहिलं तर तो चांगलाच मागे हटतो. पण वरच्या कडेला, जिथे त्याची खोल मुळं गोड्या भूजलापर्यंत पोचतात, तिथे तो वर्षानुवर्षं तग धरतो आणि जोडलेल्या खोडांमधून खालच्या खाऱ्या भागातल्या कोंबांनाही पाणी पुरवतो. म्हणून अशी दलदल सुधारते आहे का हे पाहायचं असेल, तर दर हंगामात नळाची उंची, मुळांजवळची क्षारता आणि खळग्यांतली पिल्लं हे तिन्ही एकाच ठिकाणी मोजत राहावं लागतं. क्षारता दोन-तीन हंगामांत बदलते, बुजलेले खळगे परत व्हायला त्याहून बराच जास्त काळ जातो, आणि पिल्लांची संख्या त्या खळग्यांच्या मागोमाग येते.