ओढ नाही, म्हणजे नेमके काय नाही?

“माझे वय एकोणतीस आहे. आजवर कोणाही व्यक्तीबद्दल मला लैंगिक ओढ वाटलेली नाही. आई म्हणते, योग्य माणूस भेटला की वाटेल. डॉक्टर म्हणतात, थायरॉइडमुळे असेल. आत्या म्हणते, ब्रह्मचर्याकडे कल असणे वाईट नाही. यांपैकी खरे काय? मला काही आजार आहे का?”

माझ्याकडे आलेल्या एका तरुणीच्या पहिल्या भेटीच्या अर्जात ‘येण्याचे कारण’ या रकान्याखाली एवढे लिहिलेले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हा अनुभव तिच्या संमतीने लिहीत आहे. इतरांनी सुचवलेली तिन्ही स्पष्टीकरणे एकेक करून तपासून पाहता येण्यासारखी होती, आणि आम्ही ती त्याच क्रमाने नाही, तर सर्वांत सोपे आधी अशा रीतीने तपासली.

सर्वांत सोपे होते ब्रह्मचर्याचे. एकादशीचा उपास करणाऱ्याला भूक लागतेच. ती लागत असूनही न खाण्याचा त्याने निश्चय केलेला असतो. ब्रह्मचर्य हा असा वागण्याविषयीचा निर्णय आहे, आणि तो उद्या मोडताही येतो. हिने कोणताच निर्णय घेतलेला नव्हता, कोणताही मोह आवरलेला नव्हता. “मी काही सोडलेलेच नाही, तर त्यागाचे श्रेय कसे घेऊ?” असे ती म्हणाली, आणि आत्याबाईंचा मुद्दा तेथेच संपला.

थायरॉइडचे प्रकरण मात्र खरे होते. थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणारा टीएसएच तिच्यात नऊच्या वर होता, वजन वाढले होते, सकाळी उठवत नसे. थायरॉइड मंदावले की कामेच्छा कमी होऊ शकते, तशीच ती नैराश्यात, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्यावर किंवा नैराश्यावरच्या काही औषधांमुळेही होते. त्यामुळे डॉक्टरांचा तर्क चुकीचा नव्हता. मी तिला गोळ्या नियमित घेण्यास आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्यास सांगितले, आणि तोवर कोणताही निष्कर्ष काढायचा नाही असे आम्ही ठरवले. पुढच्या तपासणीत टीएसएच अडीचच्या आसपास, म्हणजे सामान्य पातळीवर आला. थकवा गेला, झोप सुधारली. मग मी विचारले, “आणि इच्छा?” ती बराच वेळ थांबली आणि संकोचत म्हणाली की शरीराला अधूनमधून जे वाटते, ते पूर्वीही कधीकधी वाटत असे आणि आता थोडे अधिक वाटते, पण त्यात समोर कोणी नसते. कोणाचा चेहरा नाही, कोणाचा स्पर्श हवासा वाटत नाही. एखादी खाज यावी आणि ती शमावी, इतकेच.

या उत्तरात सारा फरक सामावलेला आहे. इच्छा किती आहे आणि ती कोणाकडे वळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मंदावलेले थायरॉइड पहिल्यावर परिणाम करते, म्हणून गोळ्यांनी पहिल्यात फरक पडला. दुसरा जिथे होता तिथेच राहिला. असेक्शुअल असणे म्हणजे इतरांबद्दल लैंगिक आकर्षण न वाटणे किंवा फारच क्वचित वाटणे. शरीर निकामी असणे नव्हे. (मराठीत ‘अलैंगिक’ हा शब्द आहे, पण शाळेत ‘अलैंगिक प्रजनन’ शिकलेल्या प्रत्येकाला त्यातून अमिबा आठवतो. ती स्वतःच यावर हसली, आणि त्यानंतर आम्ही दोघींनी इंग्रजी शब्दच वापरला.)

याच सुमारास माझ्याकडे येणाऱ्या अडतीस वर्षांच्या एका गृहस्थांची तक्रार वरवर अगदी सारखी होती. नैराश्यावरची गोळी सुरू झाल्यापासून त्यांची इच्छा गेली होती. पण पत्नी त्यांना पूर्वीसारखीच आकर्षक वाटत होती, जे गेले ते त्यांना परत हवे होते, आणि ते कधी गेले याचा महिना त्यांना सांगता येत होता. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी बदलल्यावर त्यांचा प्रश्न बराचसा सुटला. हिला मात्र ‘केव्हापासून’ या प्रश्नाचे उत्तरच नव्हते. अकरावीत मैत्रिणी वर्गातल्या मुलांविषयी कुजबुजत, तेव्हा त्या नाटक करत आहेत असे तिला खरोखर वाटत असे. न गमावलेली गोष्ट परत कशी आणणार?

कामेच्छेच्या अभावाचे निदान करताना त्या व्यक्तीला स्वतःला त्याचा त्रास होतो का, हे पाहावेच लागते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत तर स्पष्ट लिहिले आहे की आपण असेक्शुअल आहोत असे जी व्यक्ती स्वतः सांगते, तिला हे निदान लावू नये. अडचण एवढीच की त्रास हिलाही होताच. म्हणून तो त्रास कशाचा, हे शोधण्यात दोन भेटी गेल्या. कांदेपोह्यांचा कार्यक्रम जवळ आला की तिला झोप लागत नसे. सहा महिने स्थळ आले नाही, तेव्हा तिला कसलाही त्रास नव्हता. ओढ नसल्याचे दुःख नव्हते, ती नाही हे लपवावे लागत असल्याची भीती होती. पूर्वी काही जबरदस्ती किंवा वाईट अनुभव घडला होता का, स्पर्शाची किळस किंवा वेदना आहे का, हेही मी विचारले, कारण तसे असते तर वाट वेगळी असती. तसे काही नव्हते.

उरला आईचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो, कारण ‘अजून भेटला नाही’ हे कधीच खोटे ठरवता येत नाही. काही लोकांना खोल जवळीक झाल्यावरच आकर्षण वाटते, त्यांना डेमिसेक्शुअल म्हणतात. म्हणून मी जवळच्या नात्यांविषयी विचारले. तेव्हा कळले की महाविद्यालयातल्या एका मित्रावर तिचे अडीच वर्षे प्रेम होते. त्याच्या पत्राची ती वाट पाहत असे, त्याच्यासोबत म्हातारे होण्याची चित्रे रंगवत असे, त्याचा हात धरणे तिला आवडे. तो याहून जवळ येऊ पाहू लागला, तेव्हा तिच्या मनात काहीच हलले नाही, आणि नाते संपले. म्हणजे योग्य माणूस भेटून गेला होता. प्रेमाची ओढ आणि लैंगिक ओढ बहुतेकांत एकत्र नांदतात, म्हणून त्या एकच आहेत असे आपण धरून चालतो.

हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, आणि मी कोणाला तसा शिक्का मारूनही देत नाही. शब्द तिने स्वतः निवडला. उद्या तो अपुरा वाटला तर बदलण्याची मोकळीक तिला आहे. सुरुवातीच्या काळात अशाच एका मुलीला मी “लग्न झाल्यावर होईल” असे सांगितले होते. ते वाक्य मला अजून बोचते.

शेवटच्या भेटीला तिची आई आली. अठरा हजारांहून अधिक ब्रिटिश लोकांच्या पाहणीत सुमारे एक टक्का लोकांनी असेच सांगितल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांचा आकड्यांवर विश्वास बसला नाही, पण त्यांनी एक प्रश्न विचारला: “मग हिला एकटेच राहायचे आहे का?” उत्तर लेकीने दिले, “नाही आई, सोबत हवी आहे.” त्यानंतरच्या स्थळाला तिने दुसऱ्या भेटीतच स्वतः सगळे सांगितले. त्याने आठ दिवस मागितले आणि नकार कळवला. त्या आठ दिवसांत आपल्याला नीट झोप लागली, असे तिने मला फोनवर सांगितले.