मेकअप सोडलेल्या आठवड्याची कथा खरी कशी वाटेल?

प्रश्न: एका नोकरदार बाईने आठवडाभर मेकअप केला नाही आणि लोक तिच्याशी वेगळं वागायला लागले, अशी लघुकथा लिहितेय. ती खरी वाटावी म्हणून काय करू?

उत्तर:

सगळ्यात आधी, तिची टिकली काढू नका. लिपस्टिक नसली तर लोक विचारतील, बरं नाही का? टिकली नसली तर सासूबाई भलतंच विचारतील आणि कथा मेकअपची राहणारच नाही. टिकली, मंगळसूत्र, कोरलेल्या भुवया, सगळं असू द्या. जाऊ द्या ते फाउंडेशन, कन्सीलर, काजळ आणि लिपस्टिक.

मी मेकअपचंच काम करते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी हे खरोखर केलं होतं. सराफी दुकानात काउंटरवर नोकरी, गव्हाळ रंग, रोजचा पूर्ण मेकअप. सोमवारी दुकानात पाऊल टाकल्याबरोबर दोघीतिघींनी विचारलं, "रात्री झोप नाही का झाली?" याचं कारण साधं आहे. वॉटरप्रूफ काजळ साबणाने निघत नाही, त्याला तेल लागतं. रविवारी रात्री नुसतं तोंड धुतलं की पापण्यांच्या मुळाशी उरलेलं काजळ सकाळी खाली उतरतं आणि काळ्या वर्तुळांत मिसळतं. त्यात आपल्याकडे डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला त्वचा मुळातच गडद असते. ती रोज नारिंगी करेक्टरखाली झाकलेली असते आणि त्या दिवशी एकदम उघडी पडते. डोळे-ओठ आणि बाकीची त्वचा यांच्या रंगात जितका फरक, तितका चेहरा ठसठशीत दिसतो. काजळ-लिपस्टिक हाच फरक वाढवतात. तो गेला की माणूस थकलेला वाटतो, झोप आठ तास झालेली असली तरी.

पण कथेचा कणा पुढे आहे. ओळखीच्या माणसांनी बुधवारनंतर काही विचारलंच नाही. ती तुमचा आजचा चेहरा कालच्याशी ताडून बघतात. काल आणि आज सारखे झाले की विषय संपला. गिऱ्हाइकाकडे कालचा चेहरा नसतोच. त्यामुळे त्यांचं वागणं सोमवारी जसं होतं तसंच शनिवारीही होतं. एक बाई पाटल्यांचा ट्रे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी घडणावळ विचारली, हिने सांगितली. लगेच त्या शेजारच्या, लिपस्टिक लावलेल्या मुलीकडे वळल्या, "घडणावळ तेवढीच ना गं?" आकडा तोच आला आणि तो त्यांना पटला. पटला तो दुसऱ्या तोंडून. हा प्रसंग सहाही दिवस थोड्याफार फरकाने दाखवा. सहकाऱ्यांचे प्रश्न मात्र ओसरत न्या. कथेला चढउतार आपोआप येईल.

आता दुसरी बाजू. त्या आठवड्यात ही बाई एरवीसारखी पाटली स्वतःच्या मनगटावर चढवून दाखवत नव्हती, मान खाली घालून बिल करत होती. मग गिऱ्हाईक वळलं ते चेहऱ्यामुळे की तिच्या आवरून धरण्यामुळे? दोन्हींमुळे, आणि ही गुंतागुंत कथेत सोडवू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, जवळजवळ निम्म्यांनी चित्र ओळखलं असणार. खरं तर सुमारे पाव जणांनीच ओळखलं होतं. तुमच्या नायिकेलाही सगळे बघताहेत असं वाटू द्या, पण वाचकाला कळू द्या की त्यातले बरेच जण बघत नाहीयेत.

चौथ्या दिवशी तिचा चेहरा तजेलदार झाला, असं कृपा करून लिहू नका. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो. आठवड्यात वर्तुळंही जात नाहीत आणि डागही. आणि शेवटी तिला "खरं सौंदर्य सापडलं" असंही नको. आमच्या कामाला मुखवटा म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. या बाईंनी पुढच्या सोमवारी लिपस्टिक लावली, कारण त्यांना विक्रीवर कमिशन मिळतं. त्यात हार कुठली आली? शेजारणीकडे जाणारी विक्री परत आपल्या काउंटरवर आणली, एवढंच. तुमच्या नायिकेलाही ती मुभा द्या.

एक राहिलंच. हे सगळं विक्रीच्या काउंटरचं आहे. नायिका शाळेत शिकवणारी असेल तर मुलं पहिल्याच तासाला तोंडावर विचारतील आणि दुसऱ्या तासाला विसरतील. तिला वांग किंवा कोड असेल तर मात्र ही कथा वापरू नका. तिथे मेकअप उतरवणं म्हणजे आजार उघड करणं होतं, आणि लोक जे वागतात ते त्या आजाराशी वागतात.