सुटे पैसे आणि पावणेतीन

प्रश्न: मुलगी सात वर्षांची आहे. घरी खोटं दुकान मांडलंय, पुठ्ठ्याचं घड्याळही केलंय. मोजून पैसे देते, पण दुकानदार झाली की सुटे परत देताना अडते. घड्याळात पावणेतीनला 3:45 लिहिते. काय करू?

मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. या दोन्ही अडचणी दरवर्षी दिसतात आणि दोन्हींच्या मागे एकच गोष्ट असते: पुढचा पूर्ण आकडा गाठायला किती कमी पडतंय, हे मुलांना अजून मोजता येत नाही. म्हणून आधी दुकान पक्कं करा, घड्याळ आठवडाभर बाजूला ठेवा.

सुट्या पैशांसाठी वजाबाकी करायला लावू नका. समजा, वस्तूवर 7 ची चिठ्ठी आहे आणि गिऱ्हाइकाने दहाची नोट दिली. दुकानदाराने वस्तूवर हात ठेवून "सात" म्हणायचं. मग एकेक नाणं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत "आठ, नऊ, दहा". दहा आले की थांबायचं. हातावर पडलेली तीन नाणी म्हणजेच परत द्यायचे पैसे.

इथे एक चूक हमखास होते. मूल पहिलं नाणं ठेवतानाच "सात" म्हणतं आणि तीनऐवजी चार नाणी देऊन बसतं. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर "चुकलं" म्हणू नका. वस्तूच्या किमतीइतकी, म्हणजे सात नाणी वेगळी मांडा, शेजारी तिने दिलेली ठेवा आणि तिलाच सगळी मोजू द्या. अकरा भरली की ती स्वतःच थबकते. "सात" म्हणताना हात वस्तूवरच हवा, एवढी सवय लागली की ही चूक जाते.

सुरुवातीला गल्ल्यात फक्त एकची नाणी ठेवा. पाचचं नाणं नंतर आणा आणि त्याच्या मागे पाच ठिपके काढा. हातात एकच नाणं असताना ते पाच कसे, हे लहान मुलांना खरंच कोडं वाटतं. ते सुटलं की घड्याळातला 1 चा आकडा म्हणजे पाच मिनिटं, हेही पचायला सोपं जातं.

आता घड्याळ. मिनिटकाटा काढून ठेवा, फक्त तासकाटा राहू द्या. 2 पासून 3 पर्यंतच्या जागेला एक रंग द्या आणि तिला "दोनचं घर" म्हणा. 3 पासून 4 पर्यंत तिनाचं घर, असं पुढे. काटा 3 च्या अगदी जवळ असला तरी 3 वर पोचेपर्यंत तो दोनच्याच घरात असतो. तुमच्या मुलीचं 3:45 इथूनच येतं. काटा तिनाजवळ दिसतो, त्यात शब्दातही "तीन" ऐकू येतो, मग ती तीन लिहिणारच. "पावणेतीन म्हणजे तीन वाजायला पंधरा मिनिटं कमी, अजून दोनच्याच घरात" हे काटा दाखवत म्हणा.

मग मिनिटकाटा लावा आणि सुट्या पैशांचाच खेळ खेळा. काटा 9 वर आहे. तिथे बोट ठेवायचं, पण काही मोजायचं नाही. बोट 10 वर सरकलं की "पाच", 11 वर "दहा", 12 वर "पंधरा". मूल 9 वरच "पाच" म्हणालं तर उत्तर वीस येईल. नाण्यांमधलीच चूक आहे ही, फक्त जागा बदलली.

पुठ्ठ्याच्या घड्याळाची एक खोड सांभाळा. त्याचे काटे एकमेकांना बांधलेले नसतात. त्यामुळे मूल मिनिटकाटा 9 वर नेतं आणि तासकाटा बरोबर 2 वरच ठेवतं. खऱ्या घड्याळात असं कधीच दिसत नाही. मिनिटकाटा 9 वर असेल तर तासकाट्याने दोनच्या घरातला पाऊण रस्ता कापलेला असतो. म्हणून दरवेळी दोन्ही काटे हलवायला लावा आणि शेजारी चालतं घड्याळ ठेवा. पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ, हेही पुठ्ठा सांगू शकत नाही.

शब्दांचंही सांगते. मुलं "साडेएक", "साडेदोन" म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण साडेतीन, साडेचार असंच चालतं. दीड आणि अडीच हे दोन शब्द तेवढे वेगळे पाठ करून घ्या. मी सव्वा आणि पावणे एकाच दिवशी कधीच शिकवत नाही, मुलं अदलाबदल करतात.

शेवटी दोन्ही खेळ जोडा. दुकानाबाहेर "दुकान 2:45 ला उघडेल" अशी पाटी लावा, शेजारी पुठ्ठ्याचं घड्याळ टांगा. काटे तिने लावायचे. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही अडीचला दारात जा आणि विचारा, "अजून किती वेळ थांबू?" तिचं बोट 6 वरून निघून 7 वर "पाच" म्हणत असेल, तर जमलंय.