आजीने कुठली अ‍ॅप ठेवली आणि कुठली काढली

प्रश्न: "आजीला स्मार्टफोन घेऊन दिलाय. भावाने त्यात पन्नासेक अ‍ॅप भरून ठेवलीत आणि ती फक्त फोन उचलते. बोलून चालणारा असिस्टंट मराठीत नीट चालतो का? आणि कुठली अ‍ॅप ठेवू, कुठली काढू?"

चालतो, पण आधी थोडी तयारी करावी लागते. आणि कुठली अ‍ॅप ठेवायची हे तुम्ही ठरवू नका, आजींनाच ठरवू द्या. आमच्याकडे काय झालं ते सांगते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आमची आजी पंचवटीत राहते, ऐंशी ओलांडलीय. आजोबा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिला येते. तिला असिस्टंट सापडला तो योगायोगाने. फोन हातातून पडू नये म्हणून घट्ट धरला तर अंगठा स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका सरकला, आणि त्याच वेळी ती शेजारच्या काकूंना विचारत होती की चतुर्थी उद्या आहे की परवा. स्क्रीनवर खाली रंगीत पट्टी आली आणि तिचं बोलणं इंग्रजी अक्षरांत काहीच्या काही उमटलं, कारण फोनची भाषा इंग्रजी होती. मला हाक मारून म्हणाली, "अगं, हा ऐकतोय बघ, पण बहिरा आहे."

मग मी असिस्टंटच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी केली आणि दुसरी भाषा म्हणून इंग्रजी ठेवली. गूगल असिस्टंटला मराठी २०१८ पासून येतं, फक्त ते आपण निवडून द्यावं लागतं. दुसरी गोष्ट, फोनला बटणांऐवजी बोट ओढून चालवायचं जेश्चर होतं ते काढून खालची तीन बटणं आणली, म्हणजे मधलं बटण दाबून धरलं की असिस्टंट येतो. कोपऱ्यातून तिरकं बोट ओढणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, आणि लांबून हाक मारून उठवायचं तर टीव्हीवर मालिका चालू असताना तो मधेच जागा होतो. आजीला बटणच बरं वाटलं, दाबलं की ऐकतो, नाही दाबलं की गप्प.

आता खरी अडचण. आजीने पहिला हुकूम सोडला, "मंदाला फोन लाव". काही केल्या लागेना. कॉन्टॅक्टमध्ये बघितलं तर भावाने सेव्ह केलेलं नाव होतं Manda Maushi Jalgaon New, शिवाय जुना नंबर वेगळा होताच. असिस्टंट नाव ऐकतो आणि यादीतल्या नावाशी जुळवतो, तिथे शेपूट जितकं मोठं तितका गोंधळ. मी सगळी नावं आजी तोंडाने जशी हाक मारते तशी देवनागरीत केली, एका नावाला एकच नंबर, जुने नंबर उडवले. दुपार गेली माझी, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. तुम्हीही इथूनच सुरू करा, अ‍ॅपचं नंतर बघा.

दुसरी गंमत म्हणजे आजी बोलताना आधी विचारपूस करते. "अरे बाळा, ऐक ना, जरा..." असं म्हणून थांबली की तो समजतो बोलणं संपलं आणि ऐकायचं बंद करतो. तिला सांगितलं की मनात आधी वाक्य जुळव आणि एका दमात बोल. गजर लावताना पहाटे की संध्याकाळी ते बोलायचंच, नुसतं साडेचार म्हणून चालत नाही, आणि लावल्यावर स्क्रीनवर एकदा बघायचं. तिने ते लगेच उचललं, आता कार्तिकातल्या काकडआरतीला ती स्वतः गजर लावते आणि आम्हालाही उठवते, नको असताना.

मग अ‍ॅपचा विषय निघाला. एका रविवारी ती चष्मा लावून बसली आणि मला म्हणाली, एकेक दाखव. प्रत्येक चित्रावर एकच प्रश्न विचारायची, "हे बोलून होतं का?" होत असेल तर चित्र नको. घड्याळ, कॅल्क्युलेटर, हवामान, टॉर्च सगळं असं स्क्रीनवरून गेलं. इथे लक्षात ठेवा की स्क्रीनवरून काढणं वेगळं आणि अनइन्स्टॉल करणं वेगळं. चित्र ओढताना Remove आणि Uninstall असे दोन शब्द दिसतात, पहिल्यात फक्त चित्र जातं, अ‍ॅप आत राहतं. घड्याळाचं अ‍ॅपच उडवलं तर असिस्टंट गजर लावणार कशात?

त्याच हिशोबाने ती म्हणाली, "हा रंगीत जी पण काढ, तो पोरगा तर बटण दाबलं की येतोच." तिथे मी अडवलं. तो पोरगा राहतोच त्या गूगल अ‍ॅपमध्ये, ते बंद केलं की असिस्टंटही बंद. फोनबरोबर आलेली अशी अ‍ॅप पूर्ण निघत नाहीत, Disable होतात, आणि लोक ते करून बसतात आणि मग फोन बिघडला म्हणून दुकानात जातात. Google Play services ला तर हातच लावू नका. आजीने ऐकून घेतलं, चित्र काढलं आणि अ‍ॅप राहू दिलं.

नंतर आलं ते फोन "साफ" करणारं अ‍ॅप. हे कोणी टाकलं कुणालाच माहीत नाही. फोन उघडला की आधी पूर्ण स्क्रीनभर जाहिरात, आजी घाबरून बटणं दाबत सुटायची. अशी जाहिरात कुणाची हे ओळखायचं असेल तर ती आली की लगेच खालच्या तीन बटणांतलं चौकोनी बटण दाबा, उघड्या अ‍ॅपच्या यादीत बहुतेक वेळा गुन्हेगाराचं चित्र दिसतं. नाही दिसलं तर सेटिंगमध्ये Display over other apps नावाची परवानगी शोधा, कोणाकोणाला इतरांच्या डोक्यावर बसायची मुभा दिलीय ते तिथे कळतं. आजीच्या फोनमध्ये साफसफाईवालं एक आणि वॉलपेपरचं एक, दोन्ही तिथेच सापडली. दोन्ही उडवली आणि जाहिराती थांबल्या. अँड्रॉइडला साफ करायला वेगळं अ‍ॅप लागतच नाही, खरं सांगायचं तर.

पैशाच्या अ‍ॅपवर घरात वाद झाला. भाऊ म्हणे ठेव, लाईटबिल भरता येईल. आजी म्हणाली, "भाजीवाल्याला मी सुटे देते, बिल तू भर, माझ्या फोनात बँक नको." मला तिचं पटलं. ती बोलून फोन वापरणार, आणि पिन तर कुठे बोलायचा नसतो. वर तिला मी पुन्हा पुन्हा सांगत असायची की पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, कोणी पैसे पाठवतो म्हणून पिन मागितला तर फोन ठेव. ज्या माणसाला हे सतत आठवून द्यावं लागतं त्याच्याकडे ते अ‍ॅप नसलेलंच बरं. पण नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. अ‍ॅप उडवलं तरी यूपीआय आयडी बँकेत जोडलेला राहतो आणि ऑटोपे लावलेलं असेल तर पैसे कापले जात राहतात. आधी अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा, आयडी बंद करा, मग अ‍ॅप काढा. आम्ही याच क्रमाने केलं.

आता पेन्शन. सेटिंगमधल्या यादीत AadhaarFaceRD नाव दिसलं, आजी म्हणाली याचं चित्र तर कुठेच नाही, काढून टाक. त्याचं चित्र नसतंच. ते मागून काम करतं, जीवन प्रमाण अ‍ॅपने चेहरा ओळखायला मागितला की तेवढ्यापुरतं जागं होतं. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, ऐंशीच्या पुढच्यांना एक महिना आधी, १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि चेहऱ्यावरून घरबसल्या होतो. हे उडवलं असतं तर ऐन वेळी जीवन प्रमाण अडून बसलं असतं आणि कारण कळलं नसतं.

पण आजीने इथे वेगळाच प्रश्न विचारला, वर्षातून एकदा लागणारी गोष्ट माझ्या फोनात कशाला? आणि बरोबर होतं तिचं. दाखला काढायला पेन्शनरचाच फोन लागतो असं नाही. माझ्या फोनवर दोन्ही अ‍ॅप टाकली, आधी ऑपरेटर म्हणून माझा आधार आणि चेहरा, मग आजीचा आधार, पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर, बँक खातं आणि चेहरा. खिडकीकडे तोंड करून बसवा, उजेड पाठीमागे नको, चष्मा काढा, आणि डोळे मिचकावायला सांगेल तेव्हा मिचकावा. पीपीओ नंबरचा एखादा आकडा चुकला तर दाखला तयार झालेला दिसतो पण बँकेकडे अडतो, म्हणून नंतर दाखल्याचा प्रमाण आयडी टाकून स्वीकारला गेला का ते बघून घ्या. तर ती दोन्ही अ‍ॅप तिच्या फोनमधून गेली आणि माझ्याकडे आली.

व्हॉट्सअ‍ॅप मात्र तिने हट्टाने ठेवलं, भजनी मंडळाच्या ग्रुपसाठी. बाकीचे सकाळच्या फुलांचे ग्रुप मी म्यूट केले. यूट्यूब कीर्तनासाठी राहिलं, तिथे वरचा माइक दाबून ती बोलून शोधते. कॅमेरा राहिला. फोन आणि कॉन्टॅक्ट तर हवेतच. पहिल्या स्क्रीनवर एवढंच.

आणि असिस्टंटचं सगळं उत्तर खरं मानू नका असं आम्ही सांगण्याआधी तिनेच ठरवलं. संकष्टीला चंद्रोदय विचारला तर वेळ मिळाली, पण ती कुठल्या गावाची ते नव्हतं. चंद्र दिल्लीला आणि नाशकात एकाच वेळी उगवत नाही, वेबवरच्या पानांवर बऱ्याचदा दुसऱ्याच शहराची वेळ असते. आता ती "नाशिकचा चंद्रोदय" असं पूर्ण म्हणते आणि तरी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की असिस्टंटला हवामान सांगता येतं, पण गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत आलंय, ज्यावरून नाशिककर पूर मोजतात, हे विचारलं तर काही हाती लागत नाही. त्यासाठी ती मंदामावशीच्या मुलाला फोन लावायला सांगते, त्याचं दुकान गोदाघाटाजवळ आहे.

एक राहिलं. नवीन फोनवर असिस्टंटच्या जागी जेमिनाय आलेला असू शकतो, मराठी त्यालाही येतं, पण सेटिंगची जागा वेगळी असते. आणि नेट नसेल तर यातलं बरंच काही चालत नाही, तेव्हा अडचणीच्या वेळी लागणारे तीन-चार नंबर फोनच्या पहिल्या स्क्रीनवर चित्रासकट ठेवा. फोनचं मॉडेल सांगितलंत तर बटणांचं सेटिंग कुठे सापडेल ते लिहिते.