रिपीटर माजघरातून राजांगणात

प्रश्न: राउटर आणि सिग्नल न पोहोचणारी खोली यांच्या बरोबर मध्यावर रिपीटर लावला आहे. मोबाईलवर रेषा पूर्ण दिसतात, तरी वेग नाही. नेमका कुठे लावावा?

बरोबर मध्यावर लावा, असा सल्ला माझ्या मेहुण्यानेही दिला होता आणि तो अभियंता असल्यामुळे घरात कोणी त्याला विरोध केला नाही. आमचे घर फोंडा तालुक्यातले, जुने, चिरेबंदी आणि राजांगणाचे आहे. राउटर पुढच्या ओसरीवर असून तिथून मागची खोली सुमारे १६ मीटरांवर आहे. मेहुण्याने टेप धरून अंतर मोजले आणि मध्याजवळचा सोयीचा प्लग पाहून रिपीटर माजघरात लावला. त्या चवथीला पाहुण्यांनी घर भरलेले असताना भाच्याला मागच्या खोलीतून कार्यालयाच्या बैठकीला बसायचे होते. त्याच्या मोबाईलवर सगळ्या रेषा होत्या, पण आवाज तुटत होता आणि वेग जेमतेम ५ एमबीपीएस मिळत होता. दोष इंटरनेट कंपनीचा आहे असे मेहुण्याने जाहीर केले, पण ओसरीवर तेच कनेक्शन उत्तम चालत होते.

मोबाईलवरच्या रेषा फक्त मोबाईल आणि रिपीटर यांच्यातला सिग्नल दाखवतात. राउटरकडून रिपीटरला काय मिळते, हे त्यांवरून मुळीच कळत नाही. म्हणून मी रिपीटर बंद केला, मोबाईल त्याच प्लगजवळ धरला आणि वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारच्या अ‍ॅपमध्ये राउटरचा सिग्नल पाहिला. तिथे उणे ७६ डीबीएम दिसत होते. राजांगणाच्या कडेच्या पडवीत, ओसरीच्या दारासमोर, राउटरपासून ६ मीटरांवर तोच आकडा उणे ५८ होता. (शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला.) तीन मीटरांत १८ डीबीचा फरक केवळ अंतराने पडत नाही, मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले तरी सुमारे ६ डीबीच कमी होतात. उरलेला सिग्नल राजांगण आणि माजघर यांच्यामधल्या दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीने गिळला होता. मेहुण्याने मीटर मोजले, भिंत मोजली नाही.

साध्या, एकाच बँडवर चालणाऱ्या रिपीटरमध्ये प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते आणि दोन्ही टप्प्यांचा वेळ एकमेकांत मिळवावा लागतो. राउटर ते माजघर हा टप्पा ६ एमबीपीएसने चालत असेल, तर ६० मेगाबिटला तिथेच १० सेकंद लागतात. पुढचा टप्पा १०० चा असला तरी त्याचा वाटा फक्त ०.६ सेकंदाचा, म्हणजे हाती ५.७ च्या आसपास वेग येतो. रिपीटर पडवीत आणल्यावर पहिला टप्पा साधारण ६० चा आणि दुसरा ४० चा झाला. तेच ६० मेगाबिट आता एक अधिक दीड सेकंदात जाऊ लागले आणि मागच्या खोलीत २२ ते २४ एमबीपीएस मिळू लागले. तिथे मोबाईलवरच्या रेषा मात्र पूर्वीपेक्षा एक कमी दिसतात, आणि मेहुणा अजूनही त्याकडेच बोट दाखवतो.

तेव्हा जाड भिंत ओलांडायच्या आधीची, राउटरचा सिग्नल उणे ५५ ते उणे ६५ च्या दरम्यान असलेली जागा शोधा आणि शक्यतो दाराच्या रेषेत राहा. दोन टप्पे समान करण्याऐवजी मी राउटरकडे झुकतो, कारण पहिल्या टप्प्यावर रिपीटरला जोडलेली सगळी माणसे एकत्र अवलंबून असतात, तर दुसऱ्या टप्प्यावर कमी पडणारा माणूस खुर्ची दोन पावले सरकवू शकतो. रिपीटरला जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरला पिंग करून पाहा (पत्ता तुमच्या राउटरचा घाला):

```
ping 192.168.1.1
```

उत्तर कधी ५ आणि कधी ३०० मिलीसेकंदांनी येत असेल आणि लॅपटॉप रिपीटरच्या शेजारीच असेल, तर पहिला टप्पा कच्चा आहे असे बहुधा समजावे.

मात्र राउटरच्या अगदी जवळ, उणे ४० वर रिपीटर लावलात तर त्याला सगळे ऐकू येईल आणि मागच्या खोलीला काहीच नाही. चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरतो, म्हणून उन्हाळ्यात मोजत असाल तर चार-पाच डीबी हाताशी राखून जागा ठरवा. ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतीत २.४ पेक्षा लवकर हरतो. केबल मागपर्यंत नेता येत असेल तर ती न्या आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. मग जागेचा वाद उरत नाही. आणि हो, पणजीतल्या मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये मध्यावरचा रिपीटर उत्तम चालतो, कारण तिथल्या आतल्या भिंती चार इंची विटांच्या असून दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत.