न्यूट्रिएंट अगार: पहिल्या प्लेट्स पातळ, शेवटच्या कडक का होतात?

प्रश्न: "तयार पावडर न वापरता घटक वेगवेगळे मोजून ५०० मिली न्यूट्रिएंट अगार केलं. सगळं एकत्र टाकून, गरम करून पीएच ७.४ ला आणला, मग ऑटोक्लेव्ह. पहिल्या काही प्लेट्स धड घट्ट झाल्याच नाहीत, शेवटच्या मात्र दगड. झाकणांना आतून पाणी. दुसऱ्या दिवशी काहीही न लावलेल्या तीन प्लेट्सवर वसाहती दिसल्या. पीएच चुकला असेल का?"

पीएच चुकून अगार मऊ पडला असता तर सगळ्याच प्लेट्स सारख्या मऊ निघाल्या असत्या. तुमच्याकडे आधीच्या पातळ आणि नंतरच्या कडक, म्हणजे अगार फ्लास्कमध्ये सारखा पसरलेलाच नव्हता. अगारची पावडर थंड किंवा कोमट पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. ऑटोक्लेव्हमध्ये ती वितळते खरी, पण फ्लास्क आत स्थिर उभा असल्याने तो दाट थर तळाशीच राहतो. बाहेर काढल्यावर तुम्ही न ढवळता ओतायला घेतलंत, तर वरचं पातळ आधी बाहेर येतं आणि खालचं दाट शेवटी. म्हणून फ्लास्क हातात घेऊन हलकेच गोल-गोल फिरवायचा, तळाशी दिसणाऱ्या काचेसारख्या लाटा पूर्ण जाईपर्यंत. जोरात हलवला की फेस होतो आणि तोच फेस प्लेटमध्ये बुडबुडे बनून बसतो. आणखी एक सांभाळा: नुकताच काढलेला फ्लास्क लगेच हलवू नका. आतला द्रव उकळबिंदूच्या वर असू शकतो आणि हलवताक्षणी उसळून हातावर येतो. थोडा निवू द्या, मग उष्णतारोधक हातमोजे घालून फिरवा.

आता पीएचकडे येऊ. तुमच्या पद्धतीत दोष तिथेही आहे, फक्त या वेळी त्याने त्रास दिलेला नाही. ५०० मिलीसाठी पेप्टोन २.५ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट १.५ ग्रॅम, मीठ २.५ ग्रॅम आणि अगार ७.५ ग्रॅम लागतं. यातलं अगार सोडून बाकी सगळं आधी साधारण ४५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. बीफ एक्स्ट्रॅक्ट चिकट असतं, ते वजनाच्या कागदावर न घेता थेट छोट्या बीकरमध्ये मोजून त्यातच पाणी घाला, नाहीतर अर्धं कागदालाच राहतं. द्रव साध्या तापमानाला आल्यावर मीटर लावा. गरम द्रावणाचा पीएच खरोखरच वेगळा असतो. मीटरमधली तापमान-भरपाई फक्त इलेक्ट्रोडचं वाचन सुधारते, द्रावणाचा पीएच २५ अंशांवर किती भरेल ते सांगत नाही. अगार घालून मोजलंत तर इलेक्ट्रोडवर थर बसतो आणि आकडा तरंगत राहतो.

पेप्टोनमुळे आकडा बहुधा ७ च्या थोडा अलीकडे येतो. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड (१०० मिलीमध्ये ४ ग्रॅम) थेंबाथेंबाने घाला आणि प्रत्येक वेळी नीट ढवळून आकडा स्थिर होऊ द्या. ७.२ च्या पुढे गेलात की दहापट पातळ द्रावण घ्या. घाईत ७.९ ला जाणं, मग आम्ल घालून खाली येणं, पुन्हा अल्कली घालणं हा खेळ बहुतेक सगळे नवखे खेळतात. प्रत्येक फेरीत मीठ वाढतं, त्यामुळे आकडा जमला तरी माध्यम मूळ कृतीचं राहत नाही. तसं झालं तर ओतून देऊन परत करावं, साहित्य फार लागत नाही. ७.४ जमल्यावर पाणी घालून ५०० मिली पूर्ण करा आणि मग अगार टाका. अगार टाकून एकदा उकळी येईपर्यंत ढवळत तापवलंत, तर वर सांगितलेली तळाशी बसण्याची भानगडच उरत नाही. मात्र तापवताना सोडून जाऊ नका. उतू जातं आणि तळाला करपतं.

पीएच खरंच आम्लाकडे, म्हणजे ५ च्या आसपास असेल, तर ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत अगारच्या साखळ्या तुटतात आणि सगळा माल जेलीसारखा ढिला होतो. तेच अगार पुन्हा-पुन्हा वितळवून वापरलं तरीही होतं. ऑटोक्लेव्हनंतर पीएच किंचित खाली येतो, म्हणून थोडं माध्यम वेगळं गोठवून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कुस्करून एकदा तपासा.

वसाहतींचं निदान करताना त्या कुठे आहेत ते पाहा. अगारच्या आत, वेगवेगळ्या खोलीवर, छोट्या भिंगाच्या आकाराच्या आणि बहुतेक सगळ्या प्लेट्समध्ये असतील, तर निर्जंतुकीकरणच झालेलं नाही. फक्त पृष्ठभागावर, एखाददुसऱ्या प्लेटमध्ये असतील, तर त्या ओतताना हवेतून किंवा हाताने आल्या. तुमच्या तीनच प्लेट्स आहेत, त्यामुळे माझा संशय ओतण्यावर आहे. तरी ऑटोक्लेव्हचं एक विचारतो: व्हॉल्व्ह बंद करण्याआधी आतली हवा पूर्ण जाऊ दिली होती का? हवा उरली तर काटा १५ पाउंड दाखवतो, पण तापमान १२१ अंशांना पोचत नाही. वाफेचा झोत सलग निघू लागला की काही मिनिटं थांबा आणि मगच व्हॉल्व्ह बंद करा. १५ मिनिटं १२१ अंश आल्यापासून मोजायची. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ५०० मिलीपेक्षा जास्त भरू नका, तोंडाला कापसाचं बूच आणि वर फॉइल ठेवा. संपल्यावर वाफ झटक्यात सोडू नका, माध्यम उकळून बूच ओलं करतं आणि ओल्या कापसातून जंतू आत शिरतात. रंग बदलणारी टेप तापमान लागल्याचं सांगते, वेळ पुरेशी झाल्याचं नाही.

झाकणावरचं पाणी गरम ओतल्याचं. फ्लास्क ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, निदान हाताला धरवेल इतका निवू द्या. त्याहून फार थंड केलात, तर साधारण ४० च्या खाली गोठायला लागून प्लेटमध्ये गाठी दिसतील. ९० मिलिमीटरच्या प्लेटला सुमारे २० मिली लागतं, म्हणजे ५०० मिलीत पंचवीसच्या आसपास प्लेट्स. बर्नरजवळ, फ्लास्कचं तोंड ज्योतीवरून फिरवून, झाकण एका बाजूनेच उचलून ओता. झाकण टेबलावर उताणं ठेवायची सवय मोडा. बोलणं, पंखा, खिडकी, सगळं बंद. वर बुडबुडा आला तर बर्नरची ज्योत क्षणभर पृष्ठभागावरून फिरवा, पण प्लास्टिकच्या प्लेटवर रेंगाळू नका. ओतलेल्या प्लेट्स एकावर एक रचल्या की हळू निवतात आणि झाकणावर पाणी कमी धरतं.

पूर्ण घट्ट झाल्यावर उलट्या करा. न लावलेल्या दोन प्लेट्स ३७ अंशांवर रात्रभर ठेवून पाहा, त्या स्वच्छ निघाल्या की बाकीच्या पिशवीत घालून उलट्याच फ्रिजमध्ये. सध्याच्या वसाहतीवाल्या तीन उघडून पाहू नका, टेप लावून तशाच ऑटोक्लेव्ह करा आणि टाका. पातळ राहिलेल्याही परत वितळवून वाचवू नका.